चेक केले, ओके

आमची दुसरी पाळी दुपारी ३.३० ला लागते आणि रात्री १२ ला सुटते. कंपनीची बस १२.१० ला निघते आणि ती मेंटेनन्सवाल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे अख्ख्या पाळीत काय काय केलं ते साहेबांना कळवायला माझ्याकडे ११.४० ते ११.५० एवढा वेळ उरतो. त्यातली पहिली दोन मिनिटं फोन उघडण्यात जातात. अंगठ्याला ग्रीस असतं, आणि फोन मला ओळखायलाच तयार नसतो.

रिपोर्टचे तीन भाग ठरलेले आहेत: झालेली कामं, पुढे दिलेली कामं आणि लक्षात आलेल्या अडचणी. आमचे सीनियर फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात याचा अर्थ सांगितला होता. "पहिल्यात फुशारकी, दुसऱ्यात सबब, तिसऱ्यात चुगली. एवढं जमलं की तू तयार झालास." मामा स्वतः रिपोर्ट लिहीत नाहीत. त्यांना चष्मा सापडत नाही. तो रोज ११.३५ ला हरवतो आणि बसमध्ये सापडतो.

साहेब घरी असतात. रिपोर्ट गेला की दोन मिनिटांत त्यांचा अंगठा येतो. वर काहीही लिहिलेलं असो, अंगठा तोच. ते वाचतात की झोपेत बोट पडतं, हा आमच्या खात्यातला जुना वाद आहे.

फुशारकीचा भाग सोपा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग एकदा ४ नंबरच्या हायड्रॉलिक प्रेसचा सिलिंडर गळायला लागला. मी आणि मामांनी चार तास खपून रॉड सील बदललं, सिलिंडर चढवला, हवा काढली, दहा स्ट्रोक मारून बघितले. एक थेंब नाही. लिहिलं: "प्रेस ४, सील बदलले, ट्रायल ओके." अंगठा आला. बस पकडली. रात्री २ ला रात्रपाळीच्या गड्याचा फोन: "तुझं ओके टपकतंय रे."

त्यात सीलचा दोष नव्हता, रॉडवर एक बारीक चरा होता. आम्ही ट्रायल घेतली तेव्हा प्रेस चार तास बंद होता. तेल गार, म्हणजे घट्ट, आणि घट्ट तेल चऱ्यातून बाहेर येत नव्हतं. प्रेस दोन तास चालला, तेल तापलं, पातळ झालं आणि त्याला वाट सापडली. तेव्हापासून मी "ट्रायल गार तेलावर घेतली, तापल्यावर रॉड बघणे" असं लिहितो. हे खरं आहे, पण असं लिहिलं की काम झालेल्यांत बसत नाही, पुढे दिलेल्यांत जातं. खरेपणामुळे माझी झालेल्या कामांची यादी निम्म्यावर आली. वार्षिक मूल्यांकनाला साहेबांनी मला ते आकड्यानिशी दाखवलं.

सबबीच्या भागात माझा आवडता शब्द होता "पेंडिंग". काय पेंडिंग, का पेंडिंग, मशीन कुठल्या अवस्थेत सोडलंय, सगळं त्या एका शब्दाच्या पोटात. एकदा एका लेथचा कूलंट पंप जळाला. मी तो काढून रिवाइंडिंगला पाठवला, ब्रेकर खाली पाडला, तारांची तोंडं टेपने गुंडाळली आणि लिहिलं: "कूलंट पंप पेंडिंग." रात्री ऑपरेटर म्हणाला, कूलंट येत नाही. रात्रपाळीच्या गड्याने पॅनल उघडलं, त्याला ब्रेकर पडलेला दिसला. पडलेला ब्रेकर दिसला की हात आपोआप वर जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. माझा टेप कूलंटच्या तेलकटपणामुळे केव्हाच सुटला होता. मोठा आवाज झाला, अर्धी लाइन अंधारात गेली. कोणाला काही झालं नाही. लेथच्या मागे कोणी नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरने आम्हा सगळ्यांना बसवून पायपर अल्फाची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडजवळच्या समुद्रातला तेल काढायचा फलाट. ६ जुलै १९८८. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि तिथे नुसती झाकणाची चकती लावून ठेवली होती. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे रात्रपाळीपर्यंत पोहोचलंच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा चालू केला. वायू गळला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. ऐकताना मामांनीही चष्मा लावला होता.

तेव्हापासून मी त्या भागात पूर्ण वाक्यं लिहितो. "पंप जागेवर नाही. तारा मोकळ्या आहेत. ब्रेकरला टॅग आणि कुलूप, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. ब्रेकर वर करू नये. पंप गुरुवारी येणार." मोबाइलवर हे लिहायला चार मिनिटं लागतात. बस दोनदा चुकली आहे.

पण खरी कसोटी तिसऱ्या भागाची, चुगलीची. तिथे मी वर्षानुवर्षं "काही नाही" लिहीत होतो. याला कारण आहे. आमच्याकडे अडचण ज्याला दिसते तिच्याशी त्याचं लग्न लागतं. मागे एकाने छताचा पत्रा गळतो असं लिहिलं, तो बिचारा मेंटेनन्स सोडून तीन महिने पत्र्यांची कोटेशनं मागवत होता. त्यामुळे आमच्या खात्यात सगळ्यांची नजर उत्तम आहे आणि कोणालाच काही दिसत नाही.

मला दिसलं नाही, ऐकू आलं. जेवणाची सुट्टी होती, सगळ्या मशीन बंद, शॉपमध्ये शांतता. आणि त्या शांततेत कंप्रेसर लोड झाला, म्हणजे हवा भरायला लागला. मी डबा खात राहिलो. तो अनलोड झाला. थोड्या वेळाने पुन्हा लोड. आता हवा वापरणारं कोणीच नाही, तर हा भरतोय कोणासाठी? हा प्रश्न डोक्यात आला आणि माझी भाजी गार झाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी फोनवर वेळ लावून बसलो. कंप्रेसर प्रेशर ६.२ बारवर उतरलं की हवा भरायला लागतो आणि ७.२ ला थांबतो. पाच फेऱ्यांची सरासरी काढली. ४५ सेकंद भरायचा, १०५ सेकंद थांबायचा. भरण्याच्या वेळाला एकूण वेळाने भागायचं: ४५ भागिले १५०, म्हणजे ३० टक्के गळती. मशीनकडे जाणारे कॉक उघडेच ठेवले होते, म्हणजे मशीनच्या आतली गळतीही यात धरली गेली. दहा टक्क्यांच्या आत असेल तर लोक निभावून नेतात. आमचा कंप्रेसर ३७ किलोवॅटचा. त्याचे ३० टक्के म्हणजे ११ किलोवॅट, दिवसाचे २६४ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तरी रोज २,३७६ रुपये फुस्स. अनलोडमध्येही तो वीज खातो, ती वेगळीच.

हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. मामांचं मत स्पष्ट होतं: "ऐकू आलं नाही म्हण. कानात बोळे होते." शेवटी लिहिलं. नेहमीप्रमाणे अंगठा येईल म्हणून फोन खिशात ठेवला, तर खिशात तो वाजला. साहेबांनी चक्क वाक्य लिहिलं होतं: "छान. शोध आणि बंद कर." लग्न लागलं.

मग आठवडाभर मी, साबणाचं पाणी आणि एक जुना रंगाचा ब्रश. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक जोडाला फेस लावायचा, फुगा आला की लाल टॅग बांधायचा. एकोणीस टॅग लागले. बहुतेक ठिकाणी दोष एकच. प्लॅस्टिकच्या नळीचं टोक पुन्हा पुन्हा काढून घालून लंबगोल झालेलं, किंवा कोणीतरी ब्लेडने तिरकं कापलेलं. बोटभर नळी सरळ कापून पुन्हा बसवली की फेस शांत. हवेच्या टाकीखालचा पाणी सोडणारा आपोआप चालणारा व्हॉल्व्ह गंजाचा कण अडकून अर्धवट उघडा राहिला होता. तो उघडून धुतला. पुन्हा वेळ लावली. ३० वरून १९ टक्के. चांगलं होतं, पण एखादं मोठं बीळ अजून शिल्लक होतं.

ते शेवटी पॅकिंग टेबलाखाली सापडलं. तिथे ८ मिलिमीटरची एक नळी टेबलाच्या पायाला झिप टायने बांधून वर आणली होती, कॉक अर्धा उघडा, आणि तोंड बरोबर खुर्चीच्या दिशेने. पंखा. पॅकिंगवाला जेवायला गेला होता आणि त्याची खुर्ची सात बारच्या लाइनवर गार होत होती. मी कॉक बंद केला आणि कंप्रेसर असा गप्प झाला की मला माझं घड्याळ ऐकू आलं. मोजलं. आठ टक्के.

पॅकिंगवाला परत आल्यावर मी त्याला झापलं. दाबाखालची हवा अंगावर घेऊ नये, डोळा जाऊ शकतो, आणि हा पंखा रोजचे किती खातो ठाऊक आहे का, असं सगळं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दादा, तुम्हीच तर लावून दिली होती. त्या उन्हाळ्यात."

मी फोन काढून जुने रिपोर्ट वर वर सरकवत गेलो. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. झालेली कामं, क्रमांक ६: "पॅकिंग टेबलला एअर लाइन दिली. चेक केले, ओके." खाली अंगठा.

त्या रात्री ११.४० ला मी झालेल्या कामांत लिहिलं, "हवेची गळती ३० वरून ८ टक्के." पुढे दिलेल्यांत काही नाही. अडचणींत मात्र बराच वेळ बोट अडखळलं. शेवटी लिहिलं, "पॅकिंग टेबलला विनापरवाना नळी आढळली, काढून टाकली. कोणी बसवली ते कळले नाही." आणि बसकडे पळालो.

साहेबांचं उत्तर बसमध्ये आलं: "कोणी बसवली ते शोध. पेंडिंगमध्ये घे."

आज अकरावा दिवस. तीच ओळ रोज कॉपी करून पुढे ढकलतोय, तारीख तेवढी बदलतो: "नळी कोणी बसवली, शोध चालू." रोज अंगठा येतो. मामा म्हणतात, चष्मा सापडला की तेही शोधायला मदत करतील.