मुंजीच्या अडीचशे पिशव्या

मुंजीच्या आहेरासाठी 250 कापडी पिशव्या हव्या असलेल्या काकांचा पहिला मेसेज असा होता: "ताई, मोठी पिशवी, चांगलं कापड, लाल छपाई. रेट सांगा." यातलं फक्त 250 मला कळलं. बाकी सगळं श्रद्धेचा विषय.

माझ्या ऑनलाइन दुकानात अशा ऑर्डरसाठी वेगळं लिस्टिंग करावं लागतं आणि त्यात जे लिहिलंय तेवढंच खरं. उद्या काका रागावले तर 'मोठी'ची व्याख्या कोण करणार? म्हणून लिस्टिंगमध्ये जाणारं प्रत्येक वाक्य आधी कोटेशनच्या मेसेजमध्ये लिहून त्यावर 'ओके' घ्यायचं.

मी लिहिलं: कोरा मांजरपाट, 180 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम, सपाट ठेवून रुंदी 14 इंच, उंची 16. काका म्हणाले, "तळ हवा, नारळ बसला पाहिजे." तळ 4 इंचांचा काढला की रुंदीतले 4 जातात आणि उंचीतले 2. म्हणजे उभी राहिलेली पिशवी 10 रुंद, 14 उंच. हे काकांना पटेना. 4 इंच तळ दिल्यावर पिशवी वाढायला हवी, कमी कशी होते? शेवटी मी वर्तमानपत्राची पिशवी करून, तिचे कोपरे मुडपून, आत नारळ ठेवून फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं, "नारळ लहान आहे."

मग लाल. काकांचा लाल त्यांच्या मोबाइलवरचा, माझा माझ्या मोबाइलवरचा. शिवाय कोऱ्या कापडाच्या पिवळटपणावर प्रत्येक रंग थोडा मळकाच उतरतो. म्हणून लिहिलं: मी कुरियरने पाठवलेल्या छापील तुकड्यावरचा लाल अंतिम; मोबाइलवरचा नाही. छपाईतल्या गणपतीच्या पोटावरची सावली मात्र काढून टाकायला लावली. स्क्रीन छपाईत एका रंगाला एक स्क्रीन लागते. सावलीसाठी बारीक ठिपके पाडावे लागतात आणि मांजरपाटाच्या जाड विणीवर ते फिसकटतात. गणपतीला गोवर झाल्यासारखा दिसला असता.

आकडे असे: 62 रुपये नग, म्हणजे 15,500, लाल आणि सोनेरी अशा दोन स्क्रीनचे प्रत्येकी 500, एकूण 16,500. वाहतूक वेगळी. शिलाईत अर्धा इंच इकडेतिकडे होईल. धुतल्यावर कापड आटेल. निम्मे पैसे आधी. कापडाचा भाव हलतो म्हणून हा दर 7 दिवसांपुरताच.

काकांनी एवढ्या मजकुरातलं एकच वाक्य उचललं: "आटेल म्हणजे? मुंजीआधी की नंतर?"

"धुतल्यावर, काका."

"मग नाही धुणार. ओके."

त्या ओकेचा स्क्रीनशॉट काढून मी मेसेज शब्दशः लिस्टिंगमध्ये उतरवला आणि वर ठळक लिहिलं: 'राखीव ऑर्डर, 250 नग, इतरांनी घेऊ नये'. तासाभरात कुणीतरी विचारलं, "62ला एक मिळेल का? गणपती नको, सायकल छापा."