क्रमांक तोच राहिला, नागरिकत्व मात्र गेले

एखाद्या माणसाच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकात जन्मतारीख आणि प्रदेशाचा संकेतांक लिहिलेला असेल, तर त्या क्रमांकावरून तो माणूस "इथलाच" आहे हे आपोआप सिद्ध होते, असा युक्तिवाद अलीकडे अनेकदा वाचनात येतो. हा युक्तिवाद वरवर पाहता फार पटण्याजोगा आहे आणि म्हणूनच मला तो धोकादायक वाटतो. तो कुठे तुटतो हे एका देशाच्या इतिहासातून इतके स्पष्ट दिसते, की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. तो देश म्हणजे युगोस्लाव्हिया, आणि त्यातून १९९१ साली स्वतंत्र झालेला स्लोव्हेनिया.

युगोस्लाव्हियाने १९७६ साली कायदा करून प्रत्येक माणसाला १३ अंकी क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. स्लोव्हेनियात या क्रमांकाला "एमशो" म्हणतात आणि तिथे तो आजही वापरात आहे. त्याची रचना समजायला सोपी आहे. पहिले दोन अंक जन्माचा दिवस, पुढचे दोन महिना, त्यापुढचे तीन अंक वर्षाचे शेवटचे तीन अंक, म्हणजे १९५८ साठी ९५८. आठवा आणि नववा अंक मिळून प्रदेशाचा संकेतांक होतो: १० ते १९ बोस्निया आणि हर्झेगोव्हिना, ३० ते ३९ क्रोएशिया, तर स्लोव्हेनियासाठी ५०. त्यानंतरचे तीन अंक त्या दिवशी त्या प्रदेशात नोंदल्या गेलेल्यांचा अनुक्रम दाखवतात. ४९९ पर्यंतचे पुरुषांसाठी आणि ५०० पासूनचे स्त्रियांसाठी. शेवटचा तेरावा अंक तपासणीचा असतो.

हा तपासणी अंक नेमके काय तपासतो, हे आधी पाहू या. पहिल्या बारा अंकांना डावीकडून क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ आणि पुन्हा ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणायचे, सगळे गुणाकार मिळवायचे, बेरजेला ११ ने भागायचे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. मी मुद्दाम असे बारा अंक घेतले, जे कोणाही माणसाचे असू शकत नाहीत: ३० फेब्रुवारी १९५८, प्रदेश ५०, अनुक्रम १२३, म्हणजे ३००२९५८५०१२३. गुणाकारांची बेरीज १६८ येते, ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते, आणि ११ मधून ३ गेल्यावर ८. म्हणून पूर्ण क्रमांक ३००२९५८५०१२३८ झाला. गणिताच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. फक्त ३० फेब्रुवारी हा दिवसच अस्तित्वात नाही. क्रमांक उतरवून घेताना एखादा अंक चुकला तर ती चूक या तपासणीत सापडते, आणि तिचे काम तेवढेच आहे. तो माणूस आहे का, त्याचा जन्म खरोखर त्या दिवशी झाला का, तो कोणत्या राज्यसत्तेचा नागरिक आहे, यांतल्या कशाबद्दलही ती काही बोलत नाही. "क्रमांक तपासला, बरोबर आहे" हे वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा हा फरक मला आठवतो.

आता प्रदेशाच्या त्या दोन अंकांकडे वळू. हे अंक जन्मस्थान सांगतात असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. पद्धत सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत ते जन्माच्या प्रदेशाशी जुळतात; मात्र त्याआधी जन्मलेल्या सर्वांना क्रमांक देताना ते त्या वेळी जिथे राहत होते तिथला संकेतांक मिळाला. समजा, १९५० साली बोस्नियात जन्मलेला एक बांधकाम कामगार १९७२ साली स्लोव्हेनियात कामाला आला आणि तिथेच स्थायिक झाला. त्याच्या क्रमांकात ५० आहे. त्याच्या मुलीचा जन्म १९७९ साली स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथे झाला. तिच्याही क्रमांकात ५० आहे. याउलट, क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथे काही वर्षे नोकरी करणाऱ्या स्लोव्हेनियन दांपत्याला तिथेच १९८३ साली मुलगा झाला, तर त्याच्या क्रमांकात झाग्रेबचा ३३ हा संकेतांक आहे. क्रमांक वाचून निर्णय करणारा कोणीही म्हणेल, की कामगार आणि त्याची मुलगी स्लोव्हेनियाचे, आणि तो मुलगा क्रोएशियाचा.

कायदा नेमके उलट सांगत होता. युगोस्लाव्हियात प्रत्येकाला संघराज्याचे नागरिकत्व होते आणि त्यासोबत सहा गणराज्यांपैकी एकाचे नागरिकत्वही होते. हे दुसरे नागरिकत्व जन्मस्थानावरून ठरत नसे. ते मुख्यतः आईवडिलांकडून येई आणि नागरिकांच्या वेगळ्या नोंदवहीत लिहिलेले असे. दैनंदिन जीवनात त्याने काहीच फरक पडत नव्हता, कारण कोणत्याही गणराज्यात राहता येत होते, नोकरी करता येत होती, निवृत्तिवेतन मिळत होते. त्यामुळे आपले गणराज्याचे नागरिकत्व कोणते, याचा बहुतेकांनी कधी विचारही केला नव्हता. आमच्या उदाहरणातला कामगार आणि त्याची पत्नी दोघेही बोस्नियाचे नागरिक, म्हणून त्यांची ल्युब्लियानात जन्मलेली मुलगीही बोस्नियाचीच नागरिक होती. आणि झाग्रेबमध्ये जन्मलेला मुलगा स्लोव्हेनियाचा.

२५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि कालपर्यंत निरुपयोगी वाटणारी ती नोंद एका दिवसात सर्वांत महत्त्वाची ठरली. ज्यांच्याकडे स्लोव्हेनिया गणराज्याचे नागरिकत्व होते ते काहीही न करता नव्या देशाचे नागरिक झाले. इतर गणराज्यांच्या नागरिकांसाठी नव्या नागरिकत्व कायद्यात ४० वे कलम होते: २३ डिसेंबर १९९० रोजी, म्हणजे स्वातंत्र्यासाठीच्या सार्वमताच्या दिवशी, ज्यांचे कायम वास्तव्य स्लोव्हेनियात नोंदलेले होते आणि जे प्रत्यक्षात तिथे राहत होते, त्यांनी सहा महिन्यांत अर्ज केल्यास त्यांना नागरिकत्व मिळणार होते. सुमारे १,७१,००० लोकांनी या मार्गाने ते मिळवले, आणि ही तरतूद उदार होती हे मान्यच केले पाहिजे. पण सर्वांनी अर्ज केला नाही. काहींना मुदतीची माहिती नव्हती, काहींना कागदपत्रे जमवता आली नाहीत, काहींचे अर्ज फेटाळले गेले, आणि आपण तर इथेच जन्मलो, मग आपण अर्ज कशासाठी करायचा, असे समजणारेही त्यांत होते. या शेवटच्या गटाबद्दल मला विशेष वाईट वाटते. आपल्या जन्मस्थानावर आणि आपल्या कागदांवर त्यांनी ठेवलेला विश्वास अगदी स्वाभाविक होता.

२६ फेब्रुवारी १९९२ पासून या उरलेल्या लोकांना परकीयांविषयीचा कायदा लागू झाला. कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून त्यांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांना तसे पत्र पाठवले गेले नाही, सुनावणी झाली नाही, निर्णयाची प्रत मिळाली नाही. पुढे सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकड्यानुसार असे २५,६७१ लोक होते. स्लोव्हेनियन भाषेत त्यांना "इझब्रिसानी" म्हणतात, म्हणजे पुसून टाकलेले. पारपत्राचे किंवा वाहन परवान्याचे नूतनीकरण करायला खिडकीपाशी गेल्यावर अनेकांना आपली स्थिती प्रथम कळली. काहींची ओळखपत्रे तिथल्या तिथे छिद्रे पाडून रद्द करण्यात आली. नोकरी गेली, निवृत्तिवेतन अडकले, काहींना देशाबाहेर घालवण्यात आले.

या सगळ्यात क्रमांकाचे काय झाले? काहीच नाही. २५ फेब्रुवारीला जो क्रमांक होता तोच २७ फेब्रुवारीलाही होता. जन्मतारीख तीच, ५० तोच, तपासणी अंकही बरोबर. त्या तेरा अंकांत असा एकही अंक नव्हता ज्याला या दोन दिवसांत काय घडले याची खबर असती. माझ्या मते क्रमांक आणि नागरिकत्व यांतील अंतर दाखवणारे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. क्रमांक देताना जन्माची किंवा वास्तव्याची एक वस्तुस्थिती टिपली जाते आणि ती गोठते. नागरिकत्व हे मात्र माणूस आणि राज्यसत्ता यांच्यातील कायदेशीर नाते असते. ते अर्जाने मिळते, त्यागाने सुटते, आणि देश फुटला तर नव्या कायद्याने नव्याने वाटले जाते.

या क्रमांकाच्या नावातच खरे तर ही गोष्ट दडलेली आहे. "एमशो" या लघुरूपातला शेवटचा शब्द "ओब्चान" असा आहे आणि त्याचा अर्थ गावाचा किंवा नगरपालिकेच्या हद्दीतला रहिवासी. देशाच्या नागरिकासाठी स्लोव्हेनियन भाषेत "द्रझाव्ल्यान" हा वेगळा शब्द आहे. मराठीत आपण दोन्ही अर्थांसाठी "नागरिक" हा एकच शब्द वापरतो. "परिसरातील नागरिकांनी तक्रार केली" असे लिहिताना आपल्याला फक्त तिथे राहणारे लोक अभिप्रेत असतात. या विषयावर मराठीत बोलताना होणारा बराच गोंधळ या एका शब्दामुळे होतो, असे मला वाटते.

यावर कोणी विचारेल, की मग क्रमांकातच नागरिकत्वाचा अंक घातला तर? दक्षिण आफ्रिकेने तसे केलेले आहे. तिथल्याही १३ अंकी क्रमांकात जन्मतारीख आधी येते, आणि अकरावा अंक नागरिकासाठी ० तर कायम रहिवाशासाठी १ असतो. तरीही प्रश्न सुटत नाही. तो अंक क्रमांक देतेवेळी नोंदवहीत काय लिहिले होते एवढेच सांगतो. त्यानंतर स्थिती बदलली का, हे पाहायला पुन्हा नोंदवहीकडेच जावे लागते. शिवाय छापलेला अंक कोणालाही लिहिता येतो, तर नोंदीला दिनांक, कायदेशीर आधार आणि ती करणारा जबाबदार अधिकारी असतो. म्हणूनच स्लोव्हेनियात नागरिकत्व दाखवायचे तर नागरिकांच्या नोंदवहीवरून दिलेले नागरिकत्वाचे प्रमाणपत्र लागते. ती नोंद शोधण्याची किल्ली म्हणून क्रमांक उपयोगी पडतो आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे.

पुसलेल्या लोकांची लढाई फार लांबली. स्लोव्हेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने १९९९ आणि पुन्हा २००३ साली ही कृती घटनाबाह्य ठरवली. पुढे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २६ जून २०१२ रोजी तिथल्या विस्तारित पीठाने स्लोव्हेनियाविरुद्ध निकाल दिला: खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला होता, दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग नव्हता, आणि भेदभावही झाला होता. हा भेदभाव कोणाच्या तुलनेत, हे वाचून मी थांबलो होतो. स्वातंत्र्यापूर्वीपासून स्लोव्हेनियात राहणाऱ्या, युगोस्लाव्हियाबाहेरच्या देशांतून आलेल्या परकीयांचे वास्तव्याचे परवाने चालू राहिले. मात्र कालपर्यंत एकाच संघराज्याचे सहनागरिक असलेल्यांचे गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, तीस वर्षांनंतर, राष्ट्राध्यक्ष बोरुत पाहोर यांनी या सर्वांची राष्ट्राच्या वतीने माफी मागितली.