छाटणीचा भाव सांगायची सोपी पद्धत

‘झाड पाडायचं नाही, नुसत्या चार फांद्या छाटायच्यात’ असं गिऱ्हाईक म्हणालं की लगेच भाव सांगून मोकळं व्हावं. बघायला कशाला जायचं? फोटो आलाय की व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटोत आंबा दिसतो. आंब्याखालची पत्र्याची शेड दिसत नाही, एवढंच.

मी असाच एका बंगल्याच्या कामाला ३,००० सांगितले. फांदी कापायला दहा मिनिटं पुरतात, हे खरंच आहे. पण ती पत्र्यावर आदळू नये म्हणून वर दोर बांधायचा, खाली दोघांनी तो ताणून धरायचा आणि तुकड्यातुकड्याने फांदी उतरवायची, यात पाऊण तास जातो. चार फांद्यांचे झाले तीन तास. गिऱ्हाईकाला मात्र मशीनचा आवाज ऐकू येतो तेवढंच काम वाटतं. तुम्हीही आवाजापुरतेच पैसे लावा.

पाल्याचा हिशेब तर करूच नका. पाला काय, हलका असतो! टेम्पोत तो वजनाने नाही, फुगून जागा खातो. आम्ही फांद्या अख्ख्याच कोंबल्या आणि दोन खेपा झाल्या, खेपेला १,२००. हातभर तुकडे करून जाड लाकूड खाली, पाला वर टाकून तुडवला असता तर एका खेपेत भागलं असतं. पण त्याला दोघांचा तासभर गेला असता, म्हणजे २०० रुपये. ते वाचवले. घंटागाडीवर भिस्त होती, पण ढीग बघून ती गाणं वाजवत पुढे गेली.

मशीन आपलंच, त्याचं भाडं कसलं? कधीकाळी कुणी झोपाळ्यासाठी खोडात खिळा ठोकला होता आणि झाडाने तो गिळला होता. मशीनच्या करवतीची साखळी त्यावर घासली. भुशाच्या चकत्यांऐवजी पीठ पडू लागलं, धूर निघाला, तेव्हा कळलं की धार गेली.

शेवटी चढणाऱ्याचे १,५००, दोन मदतनिसांचे १,६००, टेम्पोचे २,४००, पेट्रोल, ऑइल आणि धारेचे ४००. झाले ५,९००. हातात आले ३,०००.

काही भित्री माणसं आधी जाऊन झाड बघतात आणि कागदावर तीन ओळी लिहून देतात: माणसांच्या अर्ध्या दिवसाचे इतके, टेम्पोच्या एका खेपेचे इतके, दुसरी लागली तर तेवढेच वर, मशीनचे इतके, खिळा निघाला तर साखळीचा खर्च वेगळा. खाली ‘महापालिकेची परवानगी मालकाने काढायची’ हेही लिहितात. असल्या लोकांना कामं जरा कमी मिळतात, असं ऐकतो.

मला तर कामं भरपूर आहेत. परवाच शेजारच्या बंगल्यातून फोन आला, ‘त्यांना लावला तोच भाव लावा हं. आणि आलाच आहात तर मागचं गवतही काढून टाका.’

मी ‘हो’ म्हणालो. फोटो मागवलाय.