१२० टक्के यील्ड आणि तक्त्यातील पहिली ओळ

प्रतिक्रिया: “आपल्या तक्त्यात अमोनियम सल्फेटच्या पायरीवर १२० टक्के यील्ड छापले आहे. घेतले त्यापेक्षा जास्त मिळणे शक्यच नाही. प्रथिनमापन चुकलेले दिसते. अशा वेळी तिथे सरळ १०० लिहावे. मी मुंबईत एम.एस्सी.च्या वर्गाची प्रात्यक्षिके घेतो, आणि असा तक्ता विद्यार्थ्यांची दिशाभूल करतो असे माझे स्पष्ट मत आहे.”

सप्रेम नमस्कार सर,

आपण वर्गात हा प्रयोग घेता, म्हणून सविस्तर लिहितो. नव्या वाचकांच्या सोयीसाठी मोड आलेल्या मुगातील अॅसिड फॉस्फटेजचा तो तक्ता पुन्हा देतो.

| पायरी | एकूण प्रथिन (मिग्रॅ) | एकूण क्रियाशीलता (एकक) | स्पेसिफिक अॅक्टिव्हिटी (एकक/मिग्रॅ) | यील्ड (%) | फोल्ड |
|---|---|---|---|---|---|
| कच्चा अर्क | ५०० | २०० | ०.४ | १०० | १ |
| अमोनियम सल्फेट व डायलिसिस | १२० | २४० | २.० | १२० | ५ |
| आयन एक्स्चेंज | १५ | १५० | १० | ७५ | २५ |
| जेल फिल्ट्रेशन | ४ | ९० | २२.५ | ४५ | ५६ |

प्रथम प्रथिनमापनाविषयी. यील्ड काढताना त्या पायरीवरील एकूण क्रियाशीलतेला कच्च्या अर्कातील एकूण क्रियाशीलतेने भागतात, आणि या भागाकारात प्रथिनाचा आकडा कुठेच येत नाही. लाउरी पद्धतीत उरलेले अमोनियम सल्फेट किंवा वनस्पतीतील फिनॉलिक द्रव्ये व्यत्यय आणतात हे खरे; पण त्यामुळे स्पेसिफिक अॅक्टिव्हिटी बिघडेल आणि तिच्यामागोमाग फोल्ड बिघडेल, यील्ड मात्र आहे तिथेच राहील. म्हणून १२० चे कारण शोधायचे तर क्रियाशीलतेच्या मापनात किंवा आकारमानाच्या नोंदीत शोधायला हवे.

आकारमानाची शंका आधी दूर करावी, कारण ती सर्वांत सोपी आहे. डायलिसिसच्या पिशवीत पाणी शिरून द्रव वाढतो. कोणी डायलिसिसपूर्वीच्या प्रति मिलिलीटर क्रियाशीलतेला नंतरच्या वाढलेल्या आकारमानाने गुणले, तर यील्ड फुगते. आमच्याकडे पिशवीतून काढलेला द्रव मोजपात्रात २० मिलिलीटर भरला आणि त्याच द्रवाची क्रियाशीलता मोजली, तेव्हा हे कारण इथे लागू नाही.

खरे कारण कच्च्या अर्कात आहे. मूग मोडवताना दाण्यातील फायटेट तुटून अकार्बनी फॉस्फेट सुटते, ते अर्कात उतरते, आणि फॉस्फेट हे अॅसिड फॉस्फटेजचे स्पर्धात्मक निरोधक आहे. म्हणजे कच्च्या अर्कात विकर पुरेसे असूनही मापनाच्या नळीत त्याचा हात अडकलेला असतो. अमोनियम सल्फेटने प्रथिने खाली बसतात, फॉस्फेटचा बराचसा भाग वरच्या द्रवासोबत जातो, राहिलेला डायलिसिसमध्ये निघतो, आणि त्याच विकराची क्रियाशीलता आता पूर्वीपेक्षा जास्त दिसते. विकर वाढलेले नाही. पहिल्या ओळीत ते कमी मोजले गेले होते.

हा केवळ तर्क नाही, तो नळीत पडताळता येतो. शेवटच्या पायरीचे विकर इतके पातळ केले की एका मापात ०.१० एकक भरावे. कच्च्या अर्काचेही ०.१० एकक दाखवणारे माप घेतले. एकमेकांना अडथळा नसता तर दोन्ही एकत्र घातल्यावर ०.२० यायला हवे होते, प्रत्यक्षात ०.१६ आले. मग कच्चा अर्क उकळून घेतला, म्हणजे त्यातील विकर मेले, आणि तेवढेच माप शुद्ध विकरात मिसळले, तेव्हा ०.१० चे ०.०६ झाले. तोच उकळलेला अर्क डायलिसिस करून मिसळला तेव्हा घट दिसली नाही. उष्णतेला न जुमानणारा आणि पिशवीतून निघून जाणारा लहान रेणू अडथळा करतो आहे, इतके यावरून पक्के होते. तो फॉस्फेटच आहे हे निर्विवादपणे ठरवायचे तर अर्कातील फॉस्फेट वेगळे मोजावे लागेल. निरोध स्पर्धात्मक असल्याने पी-नायट्रोफिनाइल फॉस्फेटचे प्रमाण वाढवल्यावर तूट कमी व्हायला हवी, हीही एक सोपी चाचणी आहे.

आता आपल्या सूचनेकडे येतो. १२० च्या जागी १०० लिहिले तर दोष झाकला जातो, पण तो पुढच्या प्रत्येक ओळीत शिरलेला राहतो, कारण यील्ड आणि फोल्ड दोन्ही पहिल्याच ओळीवर बेतलेले आहेत. कच्च्या अर्काचा थोडा भाग छोट्या जेल स्तंभातून क्षारमुक्त करून आणि झालेली विरलता हिशोबात धरून मोजला, तेव्हा एकूण क्रियाशीलता २०० नव्हे, तर ३२० एकक निघाली. त्याबरोबर पहिल्या ओळीतील स्पेसिफिक अॅक्टिव्हिटी ०.४ वरून ०.६४ वर जाते, सल्फेटच्या पायरीचे यील्ड १२० वरून ७५ वर येते आणि शेवटचे ४५ वरून २८ वर. फोल्डही ५६ वरून ३५ वर उतरते. माझ्या मते हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे: १०० च्या वरचे यील्ड पाहून कोणीही थबकतो, पण त्याच कारणाने फुगलेले फोल्ड पाहून कोणीच थबकत नाही, उलट ते अहवालाच्या सारांशात जाते.

म्हणून वर्गात मी दोन लगतच्या ओळींची तुलना आधी करायला सांगतो. आयन एक्स्चेंजमध्ये २४० चे १५० एकक उरले, म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि स्पेसिफिक अॅक्टिव्हिटी पाचपट झाली. जेल फिल्ट्रेशनमध्ये ६० टक्के उरले आणि ती सव्वादोनपट झाली. कच्च्या अर्काचा आकडा २०० धरा वा ३२०, हे हिशोब बदलत नाहीत. जवळपास तेवढेच विकर गमावून जेल फिल्ट्रेशनने निम्म्याहून कमी शुद्धी दिली; ती पायरी ठेवायची की नाही, हा निर्णय शुद्ध विकर कशासाठी हवे आहे यावर घ्यावा. एकाच बँडपर्यंत पोचायचे असेल तर ठेवावी, केवळ गतिकी मोजायची असेल तर आयन एक्स्चेंजवर थांबलेले बरे. बँड किती आहेत हे मात्र एसडीएस जेलच सांगेल, तक्ता नाही.

मुंबईतल्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कच्चा अर्क टेबलावर तसाच ठेवून दुपारी सर्व पायऱ्यांबरोबर मोजला, तर त्यातील प्रोटिएजेसमुळे तोवर क्रियाशीलता घटलेली असू शकते आणि पहिली ओळ पुन्हा एकदा खोटी पडते. अर्क बर्फात ठेवावा आणि गाळल्या गाळल्या मोजावा.

आयन एक्स्चेंजमध्ये गेलेल्या ९० एककांबद्दलही लिहायला हवे, कारण ती सगळी ‘नासली’ असे समजणे बरोबर नाही. अंकुरलेल्या बियांत अॅसिड फॉस्फटेजची एकाहून अधिक समविकरे असतात आणि पी-नायट्रोफिनाइल फॉस्फेट त्या सर्वांना चालते. स्तंभाला न चिकटता बाहेर पडलेला द्रव आम्ही टाकला नव्हता. त्यात ५२ एकक सापडले, म्हणजे खरोखर बेपत्ता झाले ते ३८. उरलेले ५२ एकक बहुधा दुसऱ्या समविकराचे असावेत, पण स्तंभावर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रथिन चढवले तरीही असाच द्रव वाहून येतो. तोच द्रव नव्या स्तंभावर पुन्हा चढवून तो या वेळी चिकटतो का हे पाहिले की दोहोंपैकी काय घडले ते कळते. आपल्या पुढच्या तुकडीकडून एवढा भाग करून घेतलात आणि आकडे इथे कळवलेत, तर ते मूळ तक्त्याशेजारी आनंदाने छापीन.