"पुढे ढकललंय" म्हणू नका

परवा एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. साखरपुडा झालेला, पत्रिका वाटून झालेल्या, लग्न तीन आठवड्यांवर आणि ते मोडलंय. रडत नव्हती. एवढंच विचारत होती, "ताई, लोकांना काय सांगायचं?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण माझं लग्न मोडलं तेव्हा आम्ही याच प्रश्नाशी जे केलं त्याची लाज मला लग्न मोडल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

माझं लग्न १२ मेला होतं. १८ एप्रिलला मोडलं. मी मोडलं. कारण लिहिणार नाही, ते दोन घरांपुरतं आहे.

त्या रात्री आई-बाबा, काका-काकू असे सगळे बसले आणि ठरलं की सध्या "लग्न पुढे ढकललंय" एवढंच सांगायचं. काकूंचं म्हणणं, एकदम "मोडलं" म्हटलं की मुलीच्या नावाला चिकटतं, हळूहळू कळू दे. मला तेव्हा ते सोयीचं वाटलं. खोटंही पूर्ण नव्हतं ना, १२ मेला लग्न नव्हतंच.

पुढचे सहा दिवस काय झालं सांगते. "पुढे ढकललंय" ऐकल्यावर कुणी गप्प बसत नाही, लोक मदतीला धावतात. बाबांच्या ऑफिसातले एक जण पंचांग घेऊन घरी आले. जूनमधले मुहूर्त काढून दाखवले आणि वर बजावून गेले, आषाढी एकादशीच्या आत उरका, नाहीतर तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबावं लागेल. आईनं त्यांना चहा दिला आणि तारखा कागदावर उतरवून घेतल्या. खरंच घेतल्या. कार्यालयवाल्यांचा फोन, "मग पुढची कुठली तारीख धरू?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे नागपूरच्या मामेभावानं मेची तिकिटं रद्द करून पाच जणांची जूनची काढली, कारण त्याच पंचांगातली एक तारीख कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचवली होती. त्याला दुसऱ्यांदा तिकिटं रद्द करायला सांगताना मी जे काही बोलले ते मला आठवत नाही, त्याचं "अगं मग आधीच सांगायचंस ना" मात्र आठवतं. त्याचा आवाज चढलाही नव्हता.

त्या रात्री मी म्हटलं, आता "मोडलं" म्हणायचं. हाच शब्द.

फोन कोणी करायचे यावर वाद झाला. बाबा म्हणाले, मानाच्या क्रमानं, आधी आत्या, मग मोठे काका, मग व्याही-विहिणी. मी म्हटलं, तिकिटाच्या क्रमानं. ज्यांनी प्रवास बुक केलाय, रजा टाकलीय ते आधी, गावातले शेवटी. आमच्या ४०० पत्रिका छापल्या होत्या, वाटून झाल्या होत्या २३० च्या आसपास. त्या यादीत बाहेरगावची ४१ घरं निघाली. ती दीड दिवसात संपली. आत्याला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बाहेरून, आणि ती बाबांशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. हा तोटा धरून चाला. मी आजही तिकिटाचाच क्रम लावीन.

काय बोलायचं हे बाबांनी वहीच्या पानावर लिहून घेतलं होतं. पहिल्या दोन फोनांत त्यांचा आवाज इतका पडलेला होता की समोरून पहिला प्रश्न आला, "कोण गेलं?" मग आम्ही वाक्य बदललं. "नमस्कार, घरी सगळे सुखरूप आहेत. १२ मेचं लग्न मात्र मोडलंय. तिकिटं काढली असतील तर रद्द करा." सुखरूप आधी, मोडलं नंतर. कारण विचारलं तर "ते आमच्यात राहू दे" आणि पुढे गप्प. गप्प राहणं सगळ्यात अवघड, कारण त्या शांततेत आपण आपोआप खुलासा द्यायला लागतो आणि तो खुलासा संध्याकाळपर्यंत चार घरांत चार तऱ्हांनी पोचतो. बाबा एकदा घसरलेच. "मुलाकडच्यांचं जरा..." एवढंच बोलले, आणि आठवड्यानं त्या "जरा"चं रूपांतर हुंड्यात झालेलं आमच्याच कानावर आलं. हुंड्याचा विषय कुठेच नव्हता. मुलाच्या आईला हे कळलं असेल का, याचा विचार करून मला झोप लागत नसे.

देण्याघेण्याच्या वस्तू मध्यस्थांच्या घरी परत केल्या. अंगठी, शालू, पैंजण, साखरपुड्यातला बाकीचा आहेर, सगळ्याची यादी दोन प्रतींत, दोन्हीकडच्या दोघांच्या सह्या. हे कोरडं वाटतं, पण ती यादी नसती तर एखाद्या चांदीच्या वाटीवरून वर्षभर बोलणी चालली असती.

आता दुःखाचं. "तूच मोडलंस ना, मग रडतेस कशाला?" हे मला तिघांनी विचारलं, तिघंही जवळचे. आणि "हळद लागायच्या आत कळलं, बरं झालं" हे तर किती जणांनी म्हटलं त्याला गणतीच नाही. बरं झालंच होतं. तरी रात्री सव्वादहाला, त्याच्या फोनच्या वेळेला, हात मोबाइलकडे जायचा. मोडलं मी, म्हणून सवय मोडते असं नाही. यादीत सगळे होते, शिंपीणबाई नव्हत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन, "पाचही ब्लाउज तयार आहेत, फिटिंगला या." नातेवाइकांच्या २३० घरांना तोंड दिलं होतं, तिथे मात्र दुकानाच्या पायरीवर बसून रडले. त्यांनी शिलाईचे पैसे घेतले, पूर्ण. मला ते आवडलं.

बाबांचं वेगळंच होतं. पहिली पत्रिका ते जेजुरीला खंडोबापुढे ठेवून आले होते. मेमध्ये एक दिवस न सांगता एकटेच परत जाऊन आले. काय म्हणाले देवाला, कुणी विचारलं नाही.

राहिली केळवणं. माझी सात झाली होती. पुरणपोळीपासून पावभाजीपर्यंत लोकांनी करून घातलं होतं, ओटी भरली होती, साड्या दिल्या होत्या. लाज खरी इथे वाटते, कारण खाल्लेलं परत करता येत नाही. साड्या तरी परत कराव्यात म्हणून मी एकेका घरी गेले. सहा घरांत "वेडी का गं तू" म्हणून पिशवी पुन्हा हातात दिली. पुण्याच्या मावशीनं मात्र साडी घेतली, घडी तपासली आणि कपाटात ठेवली. मग मला पिठलं-भाकरी वाढली आणि तासभर तिच्या गुडघ्यांबद्दल बोलली. लग्नाचा विषय नाही.

मार्गशीर्षात चुलतबहिणीचं केळवण याच मावशीकडे होतं. मीही गेले, त्याच सगळ्या लोकांत. ओटी भरताना मावशीनं तीच जांभळी काठापदराची साडी बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय गं, चालेल ना?"

मी म्हटलं, "फॉल लावून घे म्हणावं तिला. माझा राहिला होता."