मुलाखतीतले ‘चोरलेले’ सात गुण

‘मुलाखतीचे गुण कॉमन स्केलवर आणणे म्हणजे दिवसाढवळ्या लूट! १) ७५ वाल्याचे ६८ केले, सात गुण कुठे गेले? २) पॅनेलमधले सगळे सदस्य सगळ्यांना गुण देतात, मग कडक काय नि सढळ काय, सगळ्यांना सारखंच! ३) सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच स्केलिंग बेकायदा ठरवलंय. ४) मागच्याला पुढे आणायची ही सोय आहे. प्रत्येक उमेदवारापर्यंत पोचवा!!’

पोचलं. हे फॉरवर्ड माझ्या भाचीपर्यंत पोचलं. नागपुरातल्याच एका संस्थेच्या शिक्षकभरतीत तिची मुलाखत झाली होती. हा मजकूर जशाचा तसा उतरवून तिने तक्रारअर्ज तयार केला आणि रात्री अकराला मला पाठवला: ‘मामा, शुद्धलेखन तेवढं पाहून दे.’ शुद्धलेखन चांगलं होतं, बाकी सगळं वाया होतं. कारण संस्थेने लावलेली यादी उघडून बघितली तर ही बाई कडक पॅनेलकडे होती. तिचे ६८ चे ७५ झाले होते. म्हणजे आपलेच सात गुण परत घ्या म्हणून ती अर्ज करायला निघाली होती!

त्या यादीतच पहिल्या मुद्द्याचं उत्तर आहे. उमेदवार ४०, पॅनेल दोन, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाकडे २० जण. पहिल्या पॅनेलची सरासरी ५८, दुसऱ्याची ७२. लेखी परीक्षेत मात्र दोन्ही गटांची सरासरी ६१ आणि ६२, म्हणजे जवळपास सारखीच. मग मुलाखतीतला १४ गुणांचा फरक उमेदवारांचा की पॅनेलचा? कळमन्याच्या बाजारात दोन काटे असले आणि एक नेहमी कमी दाखवत असला, तर आपण संत्र्यांना दोष देत नाही. गुणांचा फैलाव दोन्हीकडे सारखाच होता, म्हणून संस्थेने दोन्ही सरासऱ्या ६५ वर आणल्या, कॉमन स्केल म्हणतात ते हेच: पहिल्या पॅनेलच्या सगळ्यांना सात जास्त, दुसऱ्याच्या सगळ्यांना सात कमी. ७५ वाला आपल्या पॅनेलच्या सरासरीपेक्षा फक्त तीनने वर होता, भाची दहाने. निवड क्रमांकावर होते. ते सात गुण कुणाच्या खिशात गेलेले नाहीत.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. तेच तीन सदस्य सगळ्याच उमेदवारांना गुण देत असतील, तर एखाद्याचा नुसता कडकपणा खरंच बिघडवत नाही. त्याने सगळ्यांनाच दहा कमी दिले तर क्रम तोच राहतो. एवढं त्या फॉरवर्डवाल्याला नाइलाजाने देतो. पण सदस्य फक्त कडक आणि सढळ असे दोनच प्रकारचे नसतात. कुणी ६१ ते ६९ च्या पलीकडे पेन जाऊच देत नाही, तर कुणी ३५ पासून ९५ पर्यंत मोकळा फिरतो.

समजा पहिला आणि दुसरा सदस्य, दोघांचीही सरासरी ६५ आणि प्रमाण विचलन २, म्हणजे बहुतेक गुण ६५ च्या आगेमागे दोनेक गुणांत. तिसऱ्याची सरासरीही ६५च, पण प्रमाण विचलन १५. तिघंही ‘सारखेच’ सढळ. आता एका उमेदवाराला तिघांनी दिले ६८, ६७ आणि ५५, बेरीज १९०. दुसऱ्याला ६४, ६४ आणि ८०, बेरीज २०८. तिघांपैकी दोघांच्या मते पहिला उजवा, तरी दुसरा तब्बल १८ गुणांनी पुढे! कागदावर प्रत्येक सदस्याला एक तृतीयांश वजन आहे. प्रत्यक्षात निवड तिसरा एकटा करतोय, आणि बाकी दोघं चहा पिऊन घरी जाताहेत.

म्हणून प्रत्येक सदस्याचा गुण त्याच्याच सरासरीपासून मोजतात आणि त्याच्याच प्रमाण विचलनाने भागतात. पहिल्या उमेदवाराचे होतात +१.५, +१ आणि –०.६७, बेरीज १.८३. दुसऱ्याचे –०.५, –०.५ आणि +१, बेरीज शून्य. क्रम उलटला. तिसऱ्याचं मत पुसलं गेलं नाही, फक्त इतरांइतकंच मोजलं गेलं. एखाद्या सदस्याने सगळ्यांना सरसकट ६५ दिले, तर त्याचं विचलन शून्य येतं आणि भागाकारच होत नाही. त्याच्या गुणांनी कुणी पुढेमागे होत नाही, तेव्हा क्रम लावताना त्याला बाजूला ठेवायचं.

तिसऱ्या मुद्द्यात निकाल खरा आहे, वाचन अर्धवट आहे. संजय सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग, २००७. तो दिवाणी न्यायाधीशांच्या लेखी परीक्षेचा वाद होता. एकाच विषयाच्या उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांनी तपासल्या होत्या आणि आयोगाने त्या गुणांना स्केलिंग लावलं, म्हणजे सूत्राने ते गुण बदलले. शून्य मिळालेल्याच्या नावावरही त्यामुळे गुण जमा होऊ लागले. न्यायालयाने ती पद्धत तिथे चुकीची ठरवली, हे बरोबर. पण परीक्षक कडक आणि सढळ असतात, हे त्याच निकालात मान्य केलंय, आणि त्यावर मॉडरेशनचा उपाय सांगितलाय: आधी मुख्य परीक्षकाने सगळ्यांना बसवून निकष ठरवायचे, मग प्रत्येकाच्या काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या, आणि कुणी कडक किंवा सढळ निघाला तर त्याने दिलेले गुण वर किंवा खाली न्यायचे. ज्याला हा माणूस लूट म्हणतोय, ते गुण वरखाली नेणं न्यायालयालाही मान्य आहे. मुलाखतीची अडचण एवढीच की पुन्हा तपासायला उत्तरपत्रिका मागे राहत नाही. त्यामुळे निकष आधी पक्के करावे लागतात, किंवा एक सदस्य दोन्ही पॅनेलांत बसवावा लागतो, म्हणजे तुलनेला धागा मिळतो.

चौथा मुद्दा पटकन. अख्ख्या पॅनेलचे गुण वरखाली सरकवले, तर त्या पॅनेलच्या आतला क्रम एका जागेनेही हलत नाही. सदस्यवार केलं तर हलतो, वर दाखवलाच. संशय घ्यायचाच असेल तर सूत्र कधी ठरलं ते विचारा. गुण बघून झाल्यावर ठरलं असेल तर बोंब मारा, मी सोबत येतो. भाचीला मी तेच सांगितलं: अर्ज करायचाच तर सूत्र ठरल्याची तारीख माग, उमेदवारांची वाटणी कशी केली ते माग, आणि प्रत्येक सदस्याची सरासरी नि विचलन माग.

वाटणीचं अशासाठी की खरी गफलत तिथेच होते. फॉर्म आले त्या क्रमाने किंवा अनुभवाप्रमाणे उमेदवार वाटले आणि एका पॅनेलकडे खरोखरच तयारीची मुलं गेली, तर त्यांची सरासरी जास्त यायलाच हवी. ती खाली ओढली की चांगल्या उमेदवारांवर अन्याय होतो. हे लेखीच्या सरासरीवरून ओळखू येतं. इथे ६१-६२ होती म्हणून ठीक. तीच ५५ आणि ६८ असती, तर मुलाखतीतला सगळा फरक पॅनेलच्या माथी मारता आला नसता. आणि पॅनेलकडे पाच-सहाच उमेदवार असतील तर विचलनाने भागूच नये. एवढ्या कमी आकड्यांत एकच फार हुशार किंवा फार घाबरलेला मुलगा ते विचलन दुप्पट करून ठेवतो, आणि त्याचा फटका बाकीच्यांना बसतो.