हॉलिडे क्लबचे ते दहा दिवस

सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत कुणीतरी ‘लकी ड्रॉ’चं कूपन भरून घेतं आणि काही दिवसांनी फोन येतो, “सर, गिफ्ट लागलंय, मॅडमना घेऊन या.” पुढे होटेलच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं, गोव्याचे फोटो आणि “ही ऑफर फक्त आजच.” आमचे दाजी तिथून हॉलिडे क्लबची तीन लाख साठ हजारांची मेंबरशिप घेऊन आले. छत्तीस हजार क्रेडिट कार्डवर स्वाइप केले, उरलेल्यासाठी दरमहा नऊ हजारांचे छत्तीस हप्ते, तेही बँक खात्यातून परस्पर कापले जाणारे.

सोमवारी सकाळी ताईने कागद वाचायला घेतले. वार्षिक मेंटेनन्स वेगळा, आणि सुट्ट्यांच्या सीझनमध्ये बुकिंग ‘उपलब्धतेनुसार’. तिने मला फोन केला. मी फक्त रद्द करण्याचं कलम शोधायला सांगितलं. ते मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं: सहीपासून दहा दिवसांत लेखी कळवल्यास पैसे परत.

आपल्याकडे अशा हॉलिडे मेंबरशिपसाठी, म्हणजे टाइमशेअरसाठी, वेगळा कायदा नाही. ही मुदत तुमच्या करारात असेल तरच आणि असेल तितकीच मिळते. कुणी सहीपासून मोजतं, कुणी पैसे भरल्यापासून, तेव्हा आपला कागद बघायचा. शंका असेल तर सहीचा दिवसच पहिला धरायचा. दाजींनी रविवारी सही केली होती, म्हणजे पुढच्या आठवड्यातला मंगळवार हा शेवटचा दिवस.

दाजी म्हणाले, “अरे, त्या पोराला फोन केलाय, तो बघतो म्हणाला.” इथेच माणसं अडकतात. ‘बघतो’ म्हणणारा पोरगा दोन दिवसांनी सांगतो, मॅनेजर टूरवर आहेत. मॅनेजर सांगतात, शनिवारी पुण्याच्या ऑफिसला या, समोरासमोर बोलू. मग ‘मेंबरशिप होल्डवर टाकतो’, ‘एक ट्रिप फ्री देतो, एकदा जाऊन तर बघा’. यातलं काहीच रद्द करणं नव्हे, आणि मुदत मात्र संपत जाते. फ्री ट्रिप तर घ्यायचीच नाही. सुविधा वापरली की परतावा नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं.

आम्ही त्याच दिवशी पत्र लिहिलं. मेंबरशिप नंबर, सहीची तारीख, भरलेली रक्कम, आणि ‘कलम अमुकनुसार मी हा करार रद्द करत आहे, पूर्ण रक्कम मूळ कार्डवर परत करा, पुढचे हप्ते लावू नका, फोनसाठी दिलेली संमतीही मागे घेतली आहे.’ कारण लिहिलं नाही. पैसे नाहीत म्हटलं की हप्ता लहान करून देतात, वेळ नाही म्हटलं की मेंबरशिपची मुदत वाढवून देतात. करारात दिलेल्या ई-मेलवर ते पाठवलं आणि त्याचीच प्रत करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. व्हॉट्सअ‍ॅपवर दिसलेल्या निळ्या खुणांवर विसंबून राहू नका.

पत्र गेल्यावर मग बँक. क्रम उलटा करू नका. करार चालू ठेवून नुसते हप्ते थांबवले तर तुम्हीच थकबाकीदार ठरता. पत्राची प्रत जोडून शाखेत त्या हप्त्यांचं मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. स्वाइप केलेली रक्कम कार्डवर ईएमआयमध्ये बदलली असेल तर तो ईएमआय बँकेकडून वेगळा बंद करून घ्यावा लागतो. नाहीतर कंपनीकडून पैसे परत येतात आणि बँकेचं व्याज सुरूच राहतं.

नंतर फोनांचा पाऊस पडला. दाजींचं एकच ठरलेलं उत्तर: “लेखी कळवलंय, लेखी उत्तर द्या.” एकीने ‘रिफंड प्रोसेस करायला’ ओटीपी मागितला. तो कधीही द्यायचा नाही, कार्डवर पैसे जमा व्हायला ओटीपी लागत नाही. फोन थांबेनात तेव्हा नकोशा फोनांसाठी असलेल्या 1909 वर तक्रार केली. ती फोन आल्यापासून सात दिवसांत करायची, नंबर आणि तारीख टिपून ठेवायची.

पैसे आले, पण ई-मेलवर बरीच ढकलाढकली झाल्यावर. नसते आले तर आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आणि मग सोलापूरचाच जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. युरोपियन युनियनमध्ये 2008 च्या नियमांनुसार चौदा दिवसांची मुदत सक्तीची आहे आणि ती संपेपर्यंत कंपनीला ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे आधी कार्ड घासून घेतात आणि आपलेच पैसे परत मागायला आपणच धावायचं. दहा दिवस पैसे घ्यायचेच नाहीत एवढा एक नियम केला, तर यातले निम्मे फोन करायला कुणाला कारणच उरणार नाही.